एक लादी म्हणजे एक तास

आमची चाळ अंधेरी पूर्वेला होती, बैठी, कौलारू, आणि पुढे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गॅलरी. गॅलरीला शहाबादी लाद्या. त्या लाद्यांवरून मी एका वर्षी कोकणात जाऊन आलो, सायकल हातात घेण्याच्याही आधी. आजही डोळे मिटले की मला आधी त्या लाद्या दिसतात, आणि मागून हायवे.

तेव्हा मी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात फिटर होतो. माझा दोस्त त्याच कारखान्यात लेथवर. दोघांकडे काळ्या, वजनदार, घंटी सोडून सगळं वाजणाऱ्या सायकली. दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा घ्यायची आणि सायकलने आमच्या गावी, कणकवलीच्या पुढे जायचं, असं आम्ही गणपतीतच ठरवून टाकलं होतं. ठरवणं सोपं असतं. त्याला कॅरियरवर वजन नसतं.

आखणी कागदावर करायची दोस्ताची पद्धत होती. मला कागदावर रस्ता दिसेना. मग एका रविवारी मी खडू घेतला आणि गॅलरीच्या पहिल्या लादीवर ‘अंधेरी’ असं लिहिलं. एक लादी म्हणजे एक तास, असा हिशेब धरला. तासाला पंधरा किलोमीटर, कारण कामावर जाताना आमचा तोच वेग पडायचा. रोज आठ लाद्या, कारण पाळी आठ तासांची असते. आमच्या घरात वेळ मोजायचं दुसरं माप नव्हतं. बाबा पंचवीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, संप झाला आणि ती पाळी संपली, तरी घरातलं घड्याळ पाळीवरच चालायचं.

पनवेल तिसऱ्या लादीच्या शेवटाला आलं, शेजारच्या काकूंच्या उंबऱ्यासमोर. पेण पुढच्या दारात. काकू झाडू मारताना म्हणायच्या, “पनवेल पुसू की ठेवू रे?” मी म्हणायचो, ठेवा. सगळी चाळ माझी चेष्टा करत होती आणि मला ते आवडत होतं. संध्याकाळी सांताक्रूझच्या बाजूने विमानं इतक्या खालून यायची की बोलणं तोडावं लागायचं. तेवढ्या क्षणापुरता मी माणगावच्या लादीवर उभा असायचो आणि दोन्ही बाजूंना भाताची कापणी चाललेली असायची. पायाखाली ऊन लागायचं. मग विमान निघून जायचं आणि कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू यायची.

पंधराव्या लादीवर मी ‘खेड’ लिहिलं, आणि दुसऱ्या कुठल्याही गावासारखंच लिहिलं. अक्षर मुद्दाम मोठं काढलं नाही.

खेडला माझी ताई राहायची. तिने शाळेत शिकवणाऱ्या एका माणसाशी लग्न केलं, तो आमच्या जातीचा नव्हता. बाबा तेव्हा ओरडले नाहीत, काही नाही. फक्त म्हणाले, या घरात तिचं नाव निघणार नाही. आणि तीन वर्षं निघालं नाही. आईने तिचा फोटो कपाटात साड्यांच्या खाली ठेवला होता. मी भाऊबीजेला पाटावर बसायचो ते शेजारच्या काकूंच्या मुलीसमोर. ती बिचारी मनापासून ओवाळायची, पण मला रडू आवरायला लागायचं. मी मुळातच तापट माणूस; त्या दिवशी सकाळपासून कुणाशी तरी भांडण उकरून काढायचो, म्हणजे चेहऱ्याला काहीतरी कारण मिळायचं.

एस.टी.त बसून ताईकडे जाणं म्हणजे बाबांच्या तोंडावर त्यांचा शब्द मोडणं. ते मला जमलं नसतं. पण सायकलने गावी जाणारा माणूस खेडवरूनच जाणार. रस्ताच तिथून जातो, त्याला मी काय करणार? पाडव्याला पहाटे निघायचं, दोन दिवसांत सोळा लाद्या, म्हणजे भाऊबीजेच्या संध्याकाळी ताईच्या दारात. ही सगळी सफर मी त्या एका संध्याकाळसाठी आखली होती. हे दोस्ताला माहीत होतं. आईला न सांगता कळलं होतं. बाबांना कळू नये असं मला वाटत होतं.

आता भरलेल्या सायकलीने एकदा कान्हेरीपर्यंत जाऊन यायचं ठरलं. सामान अजून बांधलेलं नव्हतं, म्हणून आईने दळणासाठी निवडून ठेवलेला गहू मी पोत्यात भरला, वर तांदूळ, आणि कॅरियरला बांधला. दोस्ताने घरून कसल्या तरी लोखंडी सळया आणल्या. आई कपाळावर हात मारून म्हणाली, “चक्की कोपऱ्यार आसा, आणि ह्यो गव्हाक कान्हेरी दाखवूक नेता!”

बोरिवलीपर्यंत हायवेने गेलो. घड्याळ आणि किलोमीटरचे दगड, एवढीच आमची उपकरणं. पहिला तास मजेत गेला. मग कळलं की भरलेली सायकल ही वेगळीच वस्तू असते. ती सुरू व्हायला वेळ घेते, उतारावर थांबायला वेळ घेते, आणि पुलाचा साधा चढ आला की मागून कुणीतरी शर्ट धरल्यासारखं वाटतं. वर समोरून वारा. दगडाशी थांबून मी हिशेब केला तर तासाला बारा भरले.

“चहाची दहा मिनिटं वजा कर ना यार,” दोस्त म्हणाला.

“केली. चाक फिरतं तेवढाच वेळ धरलाय.”

“मग वाट लागली.”

खरी वाट पुढे लागली. नॅशनल पार्कातून कान्हेरीच्या लेण्यांकडे रस्ता चढतो. तिथे आम्ही खाली उतरलो आणि सायकली ढकलत नेल्या. गव्हाचं पोतं एका बाजूला कलायला लागलं. झाडीत गारवा होता, माकडं बसून आमच्याकडे बघत होती. ढकलायला लागलो की वेग तासाला पाचावर येतो. वरती पोचून दोघे एका कठड्यावर आडवे पडलो. मला तिथे, अर्धवट झोपेत, कशेडीचा घाट दिसला. पोलादपूर सोडलं की लागणारा, वळणावळणाचा, एस.टी.च्या खिडकीतून ज्याची मला कधी भीती वाटली नव्हती. आता तो आमच्या गॅलरीतल्या त्या एका लादीत मावत नव्हता.

घरी येऊन मी ओल्या फडक्याने सगळी गावं पुसली आणि नव्याने लिहायला घेतली. लादी तीच, तासाची, पण सपाटीला बारा किलोमीटरची. घाटात मात्र तीच लादी पाचाची. त्यामुळे घाट चांगला अडीच लाद्या पसरला. नकाशात जो रस्ता बोटाच्या पेराएवढा, तो गॅलरीत ताणला गेला. दिवसाला आठ तासही जमेनात. दिवाळीच्या सुमाराला उजेड सकाळी साडेसहानंतरच, संध्याकाळी सहाला अंधार, दुपारी ऊन असं की सावली शोधावीच लागते. शिवाय भाकरी, चहा, पंक्चर. दुसऱ्या रविवारी आम्ही घोडबंदरच्या बाजूला सहा तास चाक फिरवलं, तर दोस्ताचा गुडघा संध्याकाळी वाकेना. आणि असं एकच दिवस नाही, रोज करायचं होतं. म्हणून दिवसाला सहा लाद्या, त्यापेक्षा जास्त नाही. पहिला मुक्काम पेण, दुसरा माणगाव. तिसऱ्या दिवशी चारच लाद्या, पोलादपूरपर्यंत, कारण भरल्या सायकलीने दुपारी घाटाला हात घालायचा नाही. चौथ्या दिवशी सकाळी घाट आणि दुपारी खेड.

चौथ्या दिवशी. पाडव्याला निघून चौथ्या दिवशी म्हणजे भाऊबीज होऊन दोन दिवस झालेले. ओवाळणीचं ताट घासून जागेवर गेलेलं.

मी सगळे उपाय करून पाहिले. सामान कमी करावं तर त्यात होतं काय? चादरी, हत्यारं, दोन ट्यूब, आणि आईचा फराळाचा डबा. तो डबा आई रोज थोडा मोठा करत होती. आधी ॲल्युमिनियमचा होता, मग घीवाला पत्र्याचा आला. तो डबा कुणासाठी होता ते मला ठाऊक होतं, त्यामुळे वेग कमी झाला तरी तो काढायचा नव्हता.

“ट्रकवर टाकू ना पनवेलपासून,” दोस्त म्हणाला.

“मग एस.टी.नेच जा की. टोपी घालून, लिमलेटच्या गोळ्या चोखत.”

“अरे, चिडतोस काय? तुझ्यासाठीच बोलतोय.”

मी चिडलो होतो खरा. त्याच्यावर नाही, आकड्यांवर. त्यांच्याशी भांडता येत नाही. एक दिवस आधी निघावं तर लक्ष्मीपूजन. चाळीत त्या संध्याकाळी बाबा घरातल्या प्रत्येकाला समोर बसवायचे. रजा नसलेला माणूस रजा काढून यायचा, आजारी माणूस उठून बसायचा. आणि मला एक दिवस आधी निघूनही भागत नव्हतं. मला दोन दिवस हवे होते, थेट नरकचतुर्दशीला पहाटे निघायला हवं होतं. ते बाबांना विचारायचं म्हणजे का ते सांगावं लागणार.

शेवटी मी भाऊबीज सोडली. पाडव्याचीच तारीख ठेवली, आणि पोलादपूरच्या लादीवर एक गोल काढला. तो विश्रांतीचा दिवस. चार-पाच दिवसांच्या दौडीमागे एक दिवस पाय मोकळे ठेवले नाहीत तर पुढचं गाडं ओढत नाही, हे दोघांनाही पटलं होतं. घाटाच्या पायथ्याशी ताजेतवाने व्हावं आणि मग चढावं, असा दोस्ताचा मुद्दा. मला कुठेही चाललं असतं. ज्या दिवसासाठी निघणार होतो तो दिवसच गेला होता, मग विश्रांती इथे घ्या की तिथे.

त्या दिवसांत बाबा अंधेरीच्याच एका इंडस्ट्रियल इस्टेटीत वॉचमन होते. संध्याकाळी घरी आले की गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. माझ्या गावांवरून ते रोज चालत यायचे, पण बोलत नसत. एकदा दोस्ताने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाला, “तुझे बाबा बघ, कुठे बसतात.” मी पाहिलं. खुर्ची पूर्वी आमच्या दारासमोर असायची. आता ती नळाकडे, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाकडे सरकली होती. खुर्चीचे पुढचे दोन पाय खेडवर होते.

वारा येतो म्हणून असेल, मी म्हटलं. नळाकडे वारा येत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

दिवाळीला आठवडा असेल. चाळीत आकाशकंदील लागले होते, आणि तळणीचा वास घरोघरी इतका भरला होता की शर्टालासुद्धा यायचा. मी खडूने पुसट झालेली गावं पुन्हा गडद करत होतो. बाबा आले, पायातल्या चपला काढल्या, आणि पहिल्यांदाच माझ्या रस्त्यावर उभे राहिले. अंधेरीपासून हळूहळू चालत आले. प्रत्येक लादीवर एक पाऊल. साच्यांच्या रांगेतून माणूस जसा इकडेतिकडे बघत चालतो तसे. पोलादपूरला थांबले.

“ह्या काय?” त्यांनी गोलाकडे बोट केलं.

“पोलादपूर. विश्रांतीचा दिवस.”

“आणि फुडे?”

“घाट.”

“मगे?”

मी खडू हातात फिरवत राहिलो. “खेड,” म्हणालो.

तीन वर्षांत आमच्या घरात त्या गावाचं नावही कुणी घेतलं नव्हतं. एक विमान आलं. ते जाईपर्यंत आम्ही दोघेही खाली लाद्यांकडे बघत होतो. मला वाटलं, आता पायाने पुसतील.

“घाटाच्या आधी कसली विश्रांती घेतास?” ते म्हणाले. “घाट चढान जा, मगे घे.”

“तिथे उतरणार कुठे?” मी विचारलं. “इथे पोलादपूरला निदान शाळेची पडवी मिळेल.”

ते खाली वाकले. गुडघा धरून बसले, हाताच्या पंजाने तो गोल पुसला, आणि बोटाला लागलेला खडू धोतराला पुसला. मग माझ्याकडे न बघता बोलले.

“मुक्काम खंयय करूचो. पडवीत, देवळात. विसावो मात्र आपल्याच घरात घेवचो.”

बाबांनी पुन्हा लाद्या पाहिल्या, या वेळी उलट्या, खेडकडून अंधेरीकडे.

“निघतलास कदी?”

“पाडव्याला.”

त्यांचे ओठ हलत होते. पेण, माणगाव, पोलादपूर, खेड. बोटाच्या पेरांवर मोजलं, पुन्हा मोजलं. मला कळत होतं ते कुठे पोचलेत.

“चतुर्दशीची आंघोळ झाली की निघा,” ते उठत म्हणाले.

“आणि लक्ष्मीपूजन?”

“लक्ष्मी काय तुझ्या कॅरियरवर बसान जातली? ती ऱ्हवतली हयसर.”

आणि आत गेले. थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला, आईला विचारत होते, करंज्या किती केल्यास? पुरतल्या ना? आईने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. पण त्या रात्री पत्र्याचा घीवाला डबाही बदलला गेला. त्याहून मोठा आला.

चतुर्दशीच्या पहाटे आईने उटणं लावलं. निघताना म्हणाली, “डबो उलटो करू नको हां.” बाबा सायकलजवळ उभे होते. मी बांधलेला दोर त्यांनी सोडला, आणि पुन्हा बांधला. साच्यावर तुटलेला धागा जोडायची त्यांची एक गाठ होती, लहान, चपटी, ओढाल तशी घट्ट होणारी. दोर जाड असला तरी त्यांनी तीच गाठ मारली. मग कॅरियर हलवून पाहिलं. “जा,” म्हणाले.

रस्त्याबद्दल काय सांगू? लाद्या खऱ्या ठरत गेल्या. देवनारचा वास मागे पडला, खाडीच्या पुलावर उजाडलं. तासामागून तास एकेक लादी पायाखालून जात होती आणि मला सारखा भास व्हायचा की आता काकूंचं दार येईल. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माणगावला एका अनोळखी दुकानात आम्हाला बत्तासे मिळाले. पाडव्याला पोलादपूरला एका पडवीत झोपलो. बाहेर कुणीतरी लावलेली पणती रात्रभर वाऱ्याशी हुज्जत घालत होती. सकाळी धुक्यात घाट चढलो, ढकलत, बरोबर अडीच तास. वर पोचल्यावर दोस्त रस्त्यावर बसला आणि म्हणाला, “झकास. तुझी लादी फिट्ट बसली रे.” मग उतार. पाय न हलवता किती तरी वेळ खाली जात राहिलो. डब्यातल्या करंज्या खुळखुळत होत्या, आणि मला वाटत होतं की हा उतार कधी संपूच नये.

दुपारी खेडला पोचलो. ताई दारात होती, ओटा सारवत. तिने आधी सायकल बघितली, मग मला. ओरडली नाही. हात तसेच शेणाचे, तशीच उभी राहिली. मेव्हणे आतून आले आणि त्यांनीच माझ्या हातातून सायकल घेतली.

ओवाळणं झालं. तीन वर्षांचं एकदम करायचं असल्यासारखी ती ताट फिरवत राहिली, शेवटी दोस्तच म्हणाला, “ताई, मलाही भूक लागलीय.” मग हसलो सगळे. ती डबा सोडवायला अंगणात गेली आणि बराच वेळ परत आली नाही. मी बाहेर आलो. ती कॅरियरजवळ बसली होती. गाठ सुटलेली नव्हती, तिने सोडवायला घेतलीच नव्हती. नुसतं बोट ठेवलं होतं तिच्यावर.

“ही तू नाही बांधलीस,” ती म्हणाली.

“नाही.”

“त्यांना माहीत आहे, तू कुठे चाललायस?”

“त्यांनीच दिवस मोजून दिला.”

तिने मान खाली घातली. नेहमीच्या आवाजात बोलायचा प्रयत्न करत, तिने विचारलं, “उद्या लगेच निघणार असाल ना पुढे?”

“नाही. उद्या विश्रांतीचा दिवस आहे. मी पोलादपूरला धरला होता, बाबांनी पुसला.” मी तिच्याशेजारी उकिडवा बसलो. “म्हणाले, मुक्काम खंयय करूचो. विसावो मात्र आपल्याच घरात घेवचो.”

ताईने पदराने तोंड झाकलं. मग उठली, आत गेली, आणि मला तिचा आवाज ऐकू आला. माणगावच्या, पनवेलच्याही पलीकडे जाईल इतक्या मोठ्याने ती नवऱ्याला सांगत होती, “अहो, गाद्या काढा. माझ्या माहेरची माणसं उद्या राहणार आहेत.”